खाऱ्या पाण्याच्या आरओसाठी किमान किती दाब लागतो?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

किनाऱ्यावरील विहिरीचे किंवा थेट समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी आमच्याकडे चौकशी करणाऱ्या ग्राहकांना आमच्या दरपत्रकातील पंपाचा दाब पाहून हमखास प्रश्न पडतो, की घरातील आरओ यंत्र पाच-सहा बारवर चालत असताना येथे पन्नासहून अधिक बार कशासाठी? हा आकडा पाण्यातील मिठावरून कसा ठरतो, ते या पत्रकात दिले आहे.

पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी ठेवले, तर पाणी आपोआप गोड्या बाजूकडून खाऱ्या बाजूकडे जाते. हा ओघ थोपवण्यासाठी खाऱ्या बाजूवर जेवढा दाब द्यावा लागतो, तो त्या पाण्याचा परासरण दाब होय. त्याहून जास्त दाब दिला तरच ओघ उलटतो आणि गोडे पाणी मिळू लागते. व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाच्या सूत्राने हा दाब काढता येतो:

π = φ × i × C × R × T

उदाहरणादाखल एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ असलेले, म्हणजे साधारण समुद्राइतके खारे, २५ अंश सेल्सिअसचे पाणी घेऊ. मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा असल्याने C ०.५९९ मोल प्रति लिटर येतो. विरघळल्यावर मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात, म्हणून i २ धरायचा, वायू स्थिरांक R ०.०८३१ आणि केल्विनमधील तापमान T २९८. यांचा गुणाकार २९.७ बार येतो. मात्र एवढ्या दाट द्रावणात आयन एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून φ हा सुधारणा-गुणक सुमारे ०.९२ घ्यावा लागतो आणि उत्तर २७.३ बारवर येते. कारागिरांच्या भाषेत हा जवळपास २८ किलोचा दाब झाला. खऱ्या समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि सल्फेटसारखे जड आयनही असल्याने तेवढ्याच वजनाच्या क्षारांत कणांची संख्या थोडी कमी भरते आणि दाब सुमारे २६ बार येतो. घरगुती यंत्राचा पंप या पाण्यातून थेंबही का काढू शकत नाही, ते येथे स्पष्ट व्हावे.

तथापि २७ बारचा पंप घेऊन काम भागेल असे समजू नये; स्वस्त दरपत्रकांतील चूक बहुधा येथेच असते. गोडे पाणी निघत जाते तसे मागे उरलेले पाणी अधिक खारे होते, आणि मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाला पंपाला याच दाट पाण्याशी झुंजावे लागते. शंभर लिटर पाण्यातून चाळीस लिटर गोडे पाणी काढले, तर साडेतीन किलो मीठ उरलेल्या साठ लिटरमध्ये राहते, म्हणजे लिटरमागे ५८ ग्रॅम होते. त्याचा परासरण दाब सुमारे ४६ बार आहे. निम्मे पाणी काढायचे ठरवल्यास हाच आकडा ५६ बारच्या आसपास जातो. म्हणून किमान दाब ठरवताना आत येणारे पाणी नव्हे, तर बाहेर पडणारे रिजेक्ट पाणी हिशेबात घ्यावे.

शिवाय मेम्ब्रेनच्या पृष्ठभागालगत मीठ साचून तेथील पाणी मुख्य प्रवाहाहून सुमारे दहा टक्के अधिक खारे होते, ज्यामुळे ४६ बारचे ५१ बार होतात. वाटेत बार-दोन बार घर्षणात जातात. त्यावर पाणी वाजवी वेगाने निघावे म्हणून काही बार शिल्लक ठेवावे लागतात. आमच्या दरपत्रकातील ५५ ते ६० बार असे जुळतात. दाब वाटेल तितका वाढवताही येत नाही, कारण समुद्राच्या पाण्यासाठीच्या नेहमीच्या मेम्ब्रेनची मर्यादा ८३ बार असते.

दाब अपुरा असल्याची खूण केवळ पाणी कमी येणे ही नाही. मेम्ब्रेनमधून मीठ पाझरण्याचा वेग दोन्ही बाजूंच्या खारेपणातील फरकावर अवलंबून असतो, दाबावर जवळजवळ नाही. त्यामुळे दाब उतरला की पाणी घटते, पण मीठ पूर्वीइतकेच येत राहते आणि मिळणारे पाणी खारट लागू लागते. अशा वेळी मेम्ब्रेन बदलण्याआधी रिजेक्टच्या व्हॉल्व्हच्या अलीकडील दाबमापक वाचावा. पंपाजवळचा आकडा ठीक असूनही येथील दाब रिजेक्ट पाण्याच्या परासरण दाबाजवळ आलेला असू शकतो.

पाण्याचा नमुना स्वतः तपासणाऱ्यांसाठी एक सूचना: बाजारातील अनेक हातमीटर दहा हजारांच्या पुढचा टीडीएस दाखवत नाहीत. अशा वेळी एक भाग नमुना नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून आलेल्या आकड्याला दहाने गुणावे. उत्तर अगदी अचूक नसते, पण पंप निवडण्यापूर्वीच्या अंदाजाला ते पुरते. नमुना भरतीनंतरचा आणि मे महिन्यातील असल्यास उत्तम, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरील विहीर बरीच गोडी झालेली असते आणि त्या आकड्यावर निवडलेला पंप उन्हाळ्यात कमी पडतो.