न्हाणीच्या पडद्यावरचा गुलाबी थर

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे अंगणातल्या न्हाणीला दाराऐवजी प्लास्टिकचा पडदा बऱ्याच घरी दिसतो. पावसाळा लागला की या पडद्याच्या खालच्या काठावर गुलाबी थर धरू लागतो. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतो. पायाखालची रबरी मॅट उलटी केली तर तिच्या खालच्या चिकटवाट्यांच्या कडांनाही तोच रंग. घरोघरी याला बुरशी म्हणतात, पण बहुतेक वेळा ते सेराशिया मार्सेसेन्स नावाचे जिवाणू असतात. १८१९ साली इटलीत पदुआजवळ मक्याचा शिजवलेला घाटा रक्तासारखा लाल झाला आणि लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने तो रंग एका सजीवामुळे येतो हे दाखवलं. त्यालाही ती बुरशीच वाटली होती. एखाद्या न्हाणीत हा रंग गुलाबी यीस्टचाही असू शकतो. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, पण स्वच्छतेची रीत दोन्हींसाठी एकच आहे.

माझी मामी त्याच पट्ट्यात राहते. ती म्हणते, "उन्हाळ्यात तं दिसत नाही हे, पाणी पडलं का लगेच येते." तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. हा रंग प्रोडिजिओसिन नावाच्या द्रव्याचा, आणि जिवाणू तो साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला भरपूर बनवतात. ३७ अंशांच्या आसपास गेलं की तेच जिवाणू वाढतात, पण बिनरंगी. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो, शिवाय पडदा तासाभरात कोरडा होतो. म्हणून रंग नसतो आणि वाढही मंदावते. मात्र मे महिन्यात पडदा पांढरा दिसतो म्हणजे तो स्वच्छ आहे असं नाही. जिवाणू ज्यावर जगतात तो थर तिथेच असतो, ओल मिळाली की ते पुन्हा जोर धरतात.

हा थर साबणाचा. कोरपना-राजुऱ्याची जमीन चुनखडीची, तिथले सिमेंटचे कारखाने त्याच दगडावर चालतात. त्यामुळे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर विरघळलेलं असतं. अंगाच्या साबणातली मेदाम्लं सोडियमशी जोडलेली असतात, म्हणून तो पाण्यात विरघळतो. जड पाण्यात कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो. याची खात्री घरच्या घरी करता येते. एका ग्लासात पावसाचं पाणी आणि दुसऱ्यात बोअरचं घ्या, दोन्हींत सारखाच साबण खळबळा. पहिल्यात फेस टिकतो, दुसऱ्यात दह्यासारख्या कण्या तरंगतात. याच कण्या पडद्याला चिकटून वाळतात. मेद आणि अंगाचा मळ हे जिवाणूंचं खाद्य, आणि थराच्या खालची ओल हा त्यांचा आसरा.

म्हणून थेट ब्लीचिंग पावडर मारली तर काम अर्धवटच होतं. क्लोरीन बराचसा साबणाच्या थरातच खर्ची पडतो. वरवरचा रंग उडतो, पडदा पांढरा दिसतो, पण चिकट लगद्यात खोलवर असलेले जिवाणू वाचतात. आठवडाभरात गुलाबी रंग पुन्हा त्याच जागी दिसला, तर बहुधा हेच झालेलं असतं. आधी थर काढायचा, मग जिवाणू मारायचे, हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मामीच्या पडद्यावर आम्ही तो असा पाळला. आधी नखाने थर खरवडून त्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्याचा थेंब टाकला. फसफसलं तर तो नुसता चुन्याचा क्षार. फसफसलं नाही, पण थर मऊ पडून मेणचट झाला, तर तो साबणाचा. आमच्याकडे काठावर मेणचट निघाला आणि वरच्या कड्यांजवळ थोडं फसफसलं. मग पडदा उतरवला. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व ५० ग्रॅमला एक लिटर या मापाने कोमट पाण्यात विरघळवलं आणि पडद्याचा खालचा भाग त्यात अर्धा तास बुडवून ठेवला. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम हवं, उकळत्या पाण्याने प्लास्टिक आक्रसतं. आम्लाने कॅल्शियम सुटून पाण्यात जातं, पण मेदाम्ल मागे राहतं आणि पडदा तेलकट लागतो. अनेक जण इथेच थांबतात, म्हणून थर परत चढतो. मेदाम्ल काढायला धुण्याची पावडर घातलेलं कोमट पाणी आणि मऊ ब्रश लागतो. धुण्याचा साबण इथे नको, तो जड पाण्यात पुन्हा तोच चोथा करेल. तारेची घासणीही नको. तिने पडलेल्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो.

त्यानंतर पडदा साध्या पाण्याने भरपूर धुतला. लिंबूसत्त्वाचा अंश राहिला आणि त्यावर ब्लीच पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो, श्वास कोंडतो. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर बंद न्हाणीत एकत्र येऊच देऊ नका.

पडदा धुऊन झाल्यावर क्लोरीनची पाळी. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर चालते. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ५ लिटर पाण्याला १५ ग्रॅम घेतली की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं, आणि धुतलेल्या पडद्याला ते पुरेसं आहे. पावडरची आधी थोड्या पाण्यात लापशी करा, मग उरलेलं पाणी घाला, ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरचं नितळ पाणीच वापरा. तळाचा चुना पडद्यावर गेला तर पांढरे डाग नव्याने पडतात. पावडर ओलसर झाली असेल, गोळे धरले असतील आणि वास जेमतेम येत असेल, तर तिच्यातला दम गेलेला असतो. माप वाढवून उपयोग नाही, नवी आणा. हातमोजे घालून, उघड्यावर, पडदा दहा मिनिटं द्रावणात ठेवून पुन्हा धुवा.

रबरी मॅटला हीच रीत, पण वेळ निम्मा. आम्ल आणि क्लोरीन फार वेळ लागले तर रबर कडक होऊन तडकतं. चिकटवाट्या एकेक करून जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासाव्या लागतात, कारण तिथे द्रावण आपोआप पोचत नाही. मॅट धुऊन भिंतीला उभी टेका, वाट्या बाहेरच्या बाजूला ठेवा. कडक ऊन दोनेक तास पुरे, रोज दिवसभर उन्हात टाकल्यास प्लास्टिक ठिसूळ होतं. काळे ठिपके मात्र खरी बुरशी असतात. शिवणीत मुरलेले ते डाग क्लोरीनने फिके होतात, पण अनेकदा पूर्ण जात नाहीत.

सुदृढ माणसाला हे जिवाणू सहसा काही करत नाहीत. पण घरात लघवीची नळी लावलेला रुग्ण असेल, कुणाला उघडी जखम असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांच्यापासून संसर्ग होऊ शकतो. अशा घरात गुलाबी थर दिसताच काढावा.

मामीकडे रंग पुन्हा आला तो फक्त पडद्याच्या खालच्या दुमडीत. ती शिवलेली होती आणि दर आंघोळीला तिच्यात पाणी साचायचं. आम्ही ती दुमड कात्रीने कापून टाकली, पडदा जमिनीपासून चार बोटं वर घेतला, आणि आंघोळ झाली की तो गोळा न ठेवता पूर्ण पसरायची सवय लावली. त्यानंतर मगाच्या बुडाला आणि बादलीच्या कडेला थोडा गुलाबी रंग दिसला. तिथूनही शिंतोडे पडद्यावर येतात, म्हणून तेही त्याच दिवशी घासून काढले.