काचेवरची चंद्रकोर आणि कार्डावरची रेघ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पलूसकडचा एक पोरगा गडचिरोलीला टॉवरच्या कामावर गेलेला, तिकडेच थंडीताप भरला, टेस्ट केली तर मलेरिया निघाला, फॅल्सिपेरम, म्हणजे आपण लॅबवाले ज्याला नुसतं पीएफ म्हणतो तो. तीन दिवसांची गोळ्यांची पट्टी घेतली, ताप उतरला, गडी गावी आला. आणि तेराव्या दिवशी परत १०२ ताप. गावातल्या डॉक्टरांनी लगेच मलेरियाचं झटपट टेस्टचं कार्ड टाकलं, पीएफची रेघ ठळक आली. घरच्यांचा जीव टांगणीला, औषध लागूच पडलं नाही, आता काय. डॉक्टरांनी शहाणपणा केला, औषध न बदलता रक्त आमच्याकडे कराडला पाठवलं आणि सांगितलं, काच करा, म्हणजे रक्त काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघा, आणि फोटो टाका.

मी पातळ काच केली, रंगवली, आणि मोबाइल आयपीसला लावून फोटो काढला. फोटोत लाल पेशींच्या गर्दीत एकच चंद्रकोर, दोन्ही टोकं गोलसर, मधोमध तपकिरी काळसर कण. दुसऱ्या फोटोत अजून एक. जंतूचा कोवळा अवतार, अंगठीसारखी रिंग, कुठेच नाही. डॉक्टरांचा फोन आला, "अहो, मग पॉझिटिव्ह म्हणायचं का निगेटिव्ह?" तर हे नीट समजायला जरा मागं जावं लागतं, कारण गंमत म्हणजे मलेरियाचा जंतू माणसाने पहिल्यांदा पाहिला तो याच चंद्रकोरीमुळे.

१८८० साल. अल्फोन्स लाव्हरां नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर, अल्जेरियातलं कॉन्स्टंटाइन गाव. त्या काळी हिवताप म्हणजे दलदलीची खराब हवा हीच समजूत, आणि आदल्याच वर्षी दोघा मोठ्या लोकांनी इटलीच्या मातीत त्याचा बॅक्टेरिया सापडला म्हणून जाहीरही केलेलं. लाव्हरांकडे ना रंग ना आजच्यासारखी ऑइलची लेन्स, तो ताजं ओलं रक्तच बघायचा. आता बिनरंगाच्या रक्तात रिंग दिसणं जवळपास अशक्य, ती इतकी बारीक आणि पारदर्शक. पण चंद्रकोर दिसते, कारण तिच्या पोटात काळे कण असतात. जंतू लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्यातलं लोह पचत नाही ते असं काळ्या दाण्यांच्या रूपात साठवतो. हे काळे कण मलेरियाने मेलेल्यांच्या प्लीहेत आधीच लोकांनी पाहिलेले, पण ते कुणाचे आहेत हे माहीत नव्हतं. ६ नोव्हेंबरला एका शिपायाच्या रक्तात लाव्हरांला असाच काळे दाणे असलेला एक गोल दिसला आणि त्याच्या कडेनं शेपट्यांसारखे धागे जोरात वळवळायला लागले. वळवळतंय म्हणजे जिवंत आहे. ते नर गॅमेटोसाइट होतं, म्हणजे चंद्रकोरीतला नर, पण हे त्याला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. १९०७ ला नोबेल मिळालं, पण सुरुवातीची काही वर्षं लोक हसलेच त्याला.

या चंद्रकोरीचं पुढचं प्रकरण तर आपल्याकडचंच. रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन नावाच्या डॉक्टरने याच कोरी दाखवल्या, तोवर रॉसचा लाव्हरांवर फारसा विश्वास नव्हता. मग तो सिकंदराबादला आला आणि ज्यांच्या रक्तात कोरी आहेत असे पेशंट शोधून त्यांना डास चावायला लावायला लागला. हुसेन खान नावाचा पेशंट, डासामागे एक आणा ठरलेला. २० ऑगस्ट १८९७ ला अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्यात तेच काळे दाणे, म्हणजे जंतू डासात वाढतो. म्हणजे दोन्ही वेळा माग लागला तो त्या काळ्या दाण्यांवरूनच, हे मला कायम भारी वाटतं.

तर चंद्रकोर हा जंतूचा आजार करणारा अवतार नाहीच, तो डासात जाण्यासाठी तयार झालेला नर किंवा मादी. ताप येतो तो दुसऱ्या अवतारामुळे, जो लाल पेशीत शिरतो, रिंग होतो, वाढतो, फुटतो आणि नव्या पेशी पकडतो. ताप आणि हे फुटणं एकाच वेळी होतं हे इटलीत गोल्गी नावाच्या डॉक्टरने १८८५-८६ च्या सुमारास दाखवलं. पण फॅल्सिपेरममध्ये एक मेख आहे. रिंग जरा मोठी झाली की ती लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, मेंदूत, किडनीत, आणि बोटातून काढलेल्या रक्तात येतच नाही. म्हणून पीएफच्या काचेवर बहुतेक दोनच गोष्टी दिसतात, कोवळ्या रिंगा आणि चंद्रकोरी, मधलं सगळं गायब. आणि कोर तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसांत फक्त रिंगा आणि नंतर कोरी. या पोराला पहिला ताप येऊन आता सोळा-सतरा दिवस झालेले, हिशोब बरोबर बसतो.

मलेरियाची दुसरी जात व्हायव्हॅक्स, तिचं तसं नाही, त्यात सगळे अवतार फोटोत सापडतात, लाल पेशी फुगते आणि तिच्यावर गुलाबी ठिपके येतात. ते ठिपके शुफनर नावाच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखतात. पण हे ठिपके दिसायला रंगाचं पाणी बरोबर लागतं, आणि इथेच आपल्या लॅबमध्ये अर्धे घोटाळे होतात.

रंगाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९१ मध्ये रशियात रोमानोव्स्कीच्या लक्षात आलं की जुनं झालेलं मेथिलिन ब्लू आणि इओसिन एकत्र केलं की जंतूचा केंद्रक जांभळट लाल आणि बाकीचं अंग निळं होतं, म्हणजे एकाच काचेवर दोन रंगांत जंतू उठून दिसतो. त्यावरून लिशमनने १९०१ ला आणि जीम्साने १९०४ च्या सुमारास आपापले पक्के रंग बनवले. आमच्याकडे अजून लिशमनच चालतो, त्यात मिथेनॉल असतो म्हणून काच वेगळी फिक्स करावी लागत नाही. पण बफरचा, म्हणजे रंगात मिसळायच्या पाण्याचा, पीएच ७.२ च्या आसपास पाहिजे. आम्ही एकदा बोअरचं पाणी वापरलेलं आणि अख्खी काच निळीशार झाली. आणि पाणी आंबट बाजूला गेलं की सगळं गुलाबी होतं, ठिपके दिसतच नाहीत आणि व्हायव्हॅक्सची कोवळी रिंग पीएफची समजून बसतो माणूस.

फोटोची अजून एक अडचण म्हणजे तो एकाच फोकसचा असतो. लाल पेशीवर प्लेटलेट बसली की ती हुबेहूब जंतू वाटते. मी मायक्रोस्कोपवर असलो तर फाइन नॉब थोडा फिरवतो, प्लेटलेट पेशीच्या वर तरंगताना दिसते, जंतू मात्र पेशीसोबतच फोकसमध्ये येतो. फोटोत हा नॉब फिरवता येत नाही. त्यामुळे फोटो आला की मी आधी आजूबाजूला मोकळी प्लेटलेट शोधतो आणि रंग जुळवून बघतो, आणि शंका असली तर सरळ सांगतो काच पाठवा.

आता कार्डाकडे. कार्ड जंतू बघतच नाही. फॅल्सिपेरमच्या रेघेवर बहुतेक कार्डांत एचआरपी-२ नावाच्या प्रोटीनला पकडणारी अँटिबॉडी असते. हिस्टिडीन भरपूर असलेलं असलं प्रोटीन १९७४ मध्ये अराक्सी किलेजियन यांना आधी बदकांच्या मलेरियात सापडलेलं, नंतर फॅल्सिपेरममध्येही असलीच प्रोटीनं निघाली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर पहिल्या टेस्ट आल्या. रक्ताचा पाच मायक्रोलिटरचा थेंब, वरून बफर, रक्त पट्टीवर पुढे सरकतं, प्रोटीन असेल तर सोन्याच्या बारीक कणांना बांधलेली अँटिबॉडी तिथे अडकते आणि लालसर रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांत वाचायचं, तासाभराने वाचलेल्या रेघेला काही अर्थ नाही. भारतात २०१३ पासून दोन्ही जातींचं कार्ड वापरात आलं, त्यात व्हायव्हॅक्सची रेघ वेगळ्या गोष्टीवर, एलडीएच नावाच्या एन्झाइमवर चालते.

फरक तिथेच आहे. एलडीएच जिवंत जंतू बनवतो, जंतू मेला की तो काही दिवसांत संपतो. एचआरपी-२ मात्र जंतू मेल्यावरही रक्तात दोन-दोन, चार-चार आठवडे फिरत राहतं. म्हणजे रेघेचा अर्थ एवढाच, की या रक्तात अलीकडे फॅल्सिपेरम होता. आत्ता आहे का, कुठल्या अवतारात आहे, किती आहे, यातलं काही ती सांगत नाही. नव्या तापाच्या पेशंटला, ज्याने आधी औषध घेतलंच नाही, त्याला ती रेघ सोन्यासारखी, वीस मिनिटांत निदान आणि तेही मायक्रोस्कोप नसलेल्या वाडीत. पण नुकतंच औषध घेतलेल्याला तीच रेघ गोंधळात टाकते. उलटं पण होतं. पेरू देशातले काही फॅल्सिपेरम जंतू हे प्रोटीन बनवतच नाहीत, त्यांचा तो जीनच गळून गेलेला, हे २०१० मध्ये उघड झालं, अशा वेळी रक्तात जंतू भरभरून असून एचआरपी-२ ची रेघ हुकू शकते.

तर आमच्या पोराचं काय. मी पातळ काचेवर शंभर एक्सच्या लेन्सने दोनशे फील्ड बघितले, जाड काच पण केली कारण तिच्यात रक्त जास्त असतं आणि चुकूनमाकून एखादी रिंग असली तरी सापडते. कोरी मिळाल्या, रिंग एकही नाही. डॉक्टरांना सांगितलं, ताप आणणारा अवतार दिसत नाही, ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे. त्यांनी डेंग्यूची एनएस-१ करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह आली. त्या आठवड्यात त्याच गल्लीत अजून दोघे होतेच.

मग त्याची गडचिरोलीची पिशवी उघडली तर पट्टी संपलेली, पण प्रायमाक्विनच्या गोळ्या वेगळ्या पुडीत तशाच. याला वाटलेलं ताप गेला, झालं. पट्टीतलं औषध रिंगा मारतं, पिकलेल्या कोरींवर त्याचा फारसा जोर चालत नाही, त्यांच्यासाठीच ती पुडी असते. डॉक्टरांनी डेंग्यूतून सावरल्यावर ती दिली आणि दहा दिवसांनी परत काच मागवली. काच साफ. त्याच दिवशी कुणीतरी हौसेनं कार्डही टाकलं, पीएफची रेघ होतीच, आता फिकट. पोराची आई फोनवर म्हणाली, "दादा, अजून हायच की वो ती रेघ." तिला सांगितलं, काकू, भट्टी विझली तरी राख दोन दिवस गरम राहते, महिन्याभराने बघा, आणि कार्ड नका टाकू, ताप आला तर काचच करा.