हॉल गार, तरी पापड मऊ: दमट जागेसाठी कूलिंग कॉइल कशी निवडावी

समुद्रकाठच्या भोजनगृहात जुलैमध्ये नेहमी येणारी तक्रार अशी: एसी २२ वर आणला तरी टेबलं चिकट लागतात आणि ताटातला पापड मऊ पडतो. अशा वेळी बहुतेक जण जास्त टनांचं मशीन मागतात. पण दोष अनेकदा टनांत नसतो, हवा जिच्यावरून गार होत जाते त्या थंड पाण्याच्या नळ्यांच्या जुडग्यात, म्हणजे कॉइलमध्ये असतो.

हवेचं तापमान उतरवणं हा सेन्सिबल लोड आणि तिच्यातली वाफ काढणं हा लेटंट लोड. कॉइलच्या पंख्यांना, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांना, घासून गेलेली हवा कॉइलच्या पृष्ठभागाइतकी थंड होते आणि आपलं पाणी तिथे सोडते. पृष्ठभागाचं हे सरासरी तापमान म्हणजे अ‍ॅपरेटस ड्यू पॉइंट, थोडक्यात एडीपी. मात्र काही हवा कशालाही न शिवता फटींतून तशीच पार होते. तिचा वाटा म्हणजे बायपास फॅक्टर, आणि उरलेला वाटा कॉन्टॅक्ट फॅक्टर. दोन्हींची बेरीज नेहमी १.

दमट जागेत खरा घोळ या निसटलेल्या हवेमुळे होतो, कारण तिच्यात बाहेरून घेतलेली ताजी हवाही असते.

१०० माणसांचा हॉल घेऊ. आत २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी आहे. बाहेर ३० अंश, ८५ टक्के. हॉलचा स्वतःचा लोड सेन्सिबल २० किलोवॅट, लेटंट ८ किलोवॅट. ताजी हवा सेकंदाला ०.४ घनमीटर, आणि नुसत्या तिच्यातली जादा वाफ काढायलाच सुमारे १४.५ किलोवॅट लागतात. एकामागे एक नळ्यांच्या चार ओळी असलेल्या कॉइलचा बायपास फॅक्टर ०.२ धरला, तर या १४.५ मधले २.९ किलोवॅट न वाळता थेट हॉलमध्ये येतात. हॉलचा लेटंट लोड ८ वरून जवळजवळ ११ झाला.

आता सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि तिच्यातली वाफ दाखवणाऱ्या आलेखावर, हॉलच्या बिंदूपासून, या वाढीव लोडच्या प्रमाणात उतरणारी रेघ ओढा. ती संपृक्त वक्राला, म्हणजे १०० टक्के आर्द्रतेच्या रेषेला, जिथे भेटते तो हवा असलेला एडीपी. इथे तो १० अंश येतो. चिलरचं पाणी ७ अंशांनी आत येऊन १२ अंशांनी बाहेर पडत असेल, तर पाण्याचीच सरासरी ९.५ झाली. पृष्ठभाग १० वर ठेवायला अर्ध्या अंशाचाच फरक उरतो, आणि तेवढ्यावर एवढी उष्णता पाण्यात उतरत नाही. पाणी आणखी गार करता येईल, पण त्यासाठी चिलर कायमची जास्त वीज खाईल.

त्यापेक्षा ओळी वाढवा. पंखे, नळ्या आणि हवेचा वेग तोच ठेवून चार ओळींत ०.२ हवा निसटत असेल, तर पुढच्या चार ओळींत त्या ०.२ मधली ०.२ निसटेल, म्हणजे आठ ओळींत फक्त ०.०४. मग एडीपी ११.८ अंश पुरतो आणि तो ७ अंशांच्या पाण्यावर मिळतो. हवा सेकंदाला १.२९ घनमीटर लागते, कॉइलमधून ती सुमारे १२.४ अंशांनी बाहेर पडते आणि कॉइलचा एकूण लोड ४५ किलोवॅट, म्हणजे १३ टनांच्या आसपास येतो. आठ ओळींना हवेचा रोध जास्त, त्यामुळे ब्लोअरची मोटर नव्याने तपासावीच लागते.

कॉइलच्या तोंडावर हवेचा वेग २.५ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवा. या हॉलला किमान ०.५२ चौरस मीटर तोंड लागेल. पैसे वाचवायला तोंड लहान केलं, तर बायपास वाढतो आणि पंख्यांवरचे थेंब उडून डक्टमध्ये जातात. भर पावसाळ्यात ही कॉइल तासाला सुमारे ३२ लिटर पाणी काढते. ब्लोअर कॉइलच्या पुढे बसून हवा ओढत असेल, तर ड्रेनच्या नळीला पाणी भरलेला ट्रॅप हवाच. नाहीतर बाहेरची हवा नळीतून आत ओढली जाते आणि ट्रे तुंबून वाहतो.

बरोबर कॉइलही एका ठिकाणी फसते. दुपारी हॉल अर्धा रिकामा असताना थर्मोस्टॅट पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतो, एडीपी वर चढतो आणि २५ अंश दिसत असतानाच ओल वाढते. ताज्या हवेला वेगळी कॉइल देऊन ती आधीच वाळवून घेणं हा आम्हाला यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. जुनी चार ओळींची कॉइल बदलायची नसेल, तरीही हाच मार्ग घ्या.

बसवलेली कॉइल तपासायची, तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेचं कोरडं तापमान व ओलं, म्हणजे बल्बला ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकावरचं तापमान एकाच वेळी मोजा. दोन्ही बिंदू चार्टवर मांडून रेघ वक्रापर्यंत वाढवा, म्हणजे एडीपी कळेल. कॉइलमध्ये हवा जितके अंश उतरली, त्याला आत येणारी हवा आणि एडीपी यांच्या फरकाने भागलं की कॉन्टॅक्ट फॅक्टर मिळतो. आमच्या उदाहरणात हवा २६.६ वरून १२.४ वर आली, म्हणजे १४.२ भागिले १४.८, सुमारे ०.९६. हाच आकडा ०.८ च्या आसपास आला, तर आधी पंख्यांत साचलेली धूळ आणि कॉइलच्या कडेच्या उघड्या फटी पाहा. कॉइल बदलायचा विचार त्यानंतर.