पिचफोर्कच्या मधल्या रेषेकडे भाव का ओढला जातो, आणि ही कल्पना मुळात आली कुठून

आमच्या इंदूरात छावनी मंडीच्या आसपास वाढलेल्या माणसाला भावाचा आलेख हे काही नवीन नाही. आमचे एक काका सोयाबीनचा रोजचा भाव ग्राफ पेपरवर पेन्सिलीने टिंबं देऊन लिहायचे आणि दोन गुण्या एकमेकींवर सरकवत समांतर रेषा मारायचे. एनसीडीईएक्सवरचा सोयाबीनचा वायदा डिसेंबर 2021 मध्ये सेबीने बंद केला, तेव्हापासून इथली पोरं तोच खेळ निफ्टी नाहीतर क्रूडवर खेळतात, फक्त मोबाईलवर, आलेखावर तीन ठिकाणी बोट ठेवलं की तीन समांतर रेषांचा पिचफोर्क तयार. कोणी त्याला त्रिशूल म्हणतं. खरं तर गवत उचलायचं दाताळं, बस.

आता हे दाताळं आलं कुठून. नाव ॲलन ॲंड्र्यूजचं लागतं, पण गोष्ट त्याच्या आधी अमेरिकेतल्या रॉजर बॅबसनपासून सुरू होते. हा माणूस 1898 मध्ये एमआयटीतून इंजिनियर झाला आणि पुढे आकडेवारी विकायचा धंदा काढला. न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया तेवढी प्रतिक्रिया, धंद्यातल्या तेजीमंदीलाही लागू होतो असं त्याने धरलं, आणि ते त्याला सुचवलं म्हणे त्याच्याच कॉलेजातल्या स्वेन नावाच्या प्रोफेसरने. बॅबसनने देशाच्या उलाढालीचा आलेख काढून त्यातून एक तिरपी ‘नॉर्मल’ रेषा नेली, अशी की रेषेच्या वरचं क्षेत्रफळ आणि खालचं क्षेत्रफळ शेवटी सारखं यावं. म्हणजे तेजी किती उंच गेली एवढंच नाही तर किती दिवस टिकली तेही मोजायचं, आणि मंदीने तेवढंच फेडायचं. 5 सप्टेंबर 1929 ला त्याने भाषणात सांगितलं की आज ना उद्या बाजार कोसळणार, त्याच दिवशी बाजार पडला आणि पुढच्या महिन्यात तर अमेरिकेचा शेअर बाजार पुरता कोसळला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच भाषणात तो हेही म्हणाला होता की मी मागच्या वर्षी आणि त्याच्या मागच्या वर्षीही हेच सांगितलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही! (गंमत म्हणजे या न्यूटनभक्ताचं गुरुत्वाकर्षणाशी मात्र वैर होतं, बहीण लहानपणी बुडून गेली त्याचा दोष त्याने गुरुत्वाकर्षणाला दिला आणि 1948 मध्ये त्याच्या संशोधनासाठी चक्क एक संस्था काढली.)

ॲंड्र्यूजने ही कल्पना उचलली आणि 1960 च्या दशकात ‘क्रिया-प्रतिक्रिया’ नावाचा कोर्स काढला, 1500 डॉलर घेऊन, त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हायचं काम. पण त्याने एक मोठी गोष्ट गाळली, ती म्हणजे क्षेत्रफळ. बॅबसनला नॉर्मल रेषा मारायला वर्षानुवर्षांचा डेटा लागायचा, ॲंड्र्यूजला लागतात फक्त तीन टोकं. पहिलं टोक जिथून चाल सुरू झाली ते, दुसरं आणि तिसरं त्यानंतरचे एकापाठोपाठ आलेले वळणाचे बिंदू, एक वरचा एक खालचा. दुसऱ्या-तिसऱ्याला जोडा, त्या जोडरेषेचा मध्य काढा, पहिल्या टोकापासून त्या मध्यातून रेषा पुढे न्या. शाळेत भूमितीत त्रिकोणाची मध्यगा काढायचो ना, अगदी तीच, फक्त त्रिकोणाबाहेर भविष्यात लांबवलेली. मग उरलेल्या दोन टोकांतून तिला समांतर दोन दाते. ॲंड्र्यूज स्वतः तिला मध्यरेषाच म्हणायचा.

आकड्यांनी बघू, आकडे समजण्यापुरते माझेच आहेत. समजा सोयाबीन दिवस 0 ला 4000 ला तळ करतं, 12 व्या दिवशी 4600 ला शिखर, 20 व्या दिवशी परत 4280 ला तळ. शेवटच्या दोघांचा मध्य म्हणजे 16 वा दिवस आणि 4440. मध्यरेषा 16 दिवसांत 440 चढली, म्हणजे रोज साडेसत्तावीस रुपये. 30 व्या दिवशी ती असेल 4825 वर, वरचा दाता 5095 वर आणि खालचा 4555 वर. आता दावा असा की भाव 4280 वरून निघाला की पुढे मध्यरेषेला भेटतोच, ॲंड्र्यूजच्या नावावर साधारण 80 टक्के वेळा असा आकडा सांगितला जातो.

इथे जरा थांबा, कारण या ओढीतली बरीचशी ओढ रचनेतच आहे. मध्यरेषा काढलीच आहे एका वरच्या आणि एका खालच्या वळणाच्या बरोब्बर मधून, मग भाव आधीसारखाच वर-खाली झुलत राहिला तर प्रत्येक झोक्यात मधली रेषा ओलांडणारच, त्याला न्यूटन कशाला लागतो? शिवाय मुदत दिलेली नसते, कधी पोचेल ते कोणी सांगत नाही. रेषा जवळपास आडवी असेल तर भाव भटकत भटकत का होईना तिला एकदा शिवतो, पण रेषा खडी असेल तर ती भावापुढे पळत राहते. वरच्या उदाहरणात 20 व्या दिवशी अंतर 270 च होतं, पण 30 व्या दिवशी तिला गाठायचं तर भावाला 545 चढावं लागतं. म्हणून 80 टक्के हा आकडा सगळ्या दाताळ्यांना सारखा लावण्यात अर्थ नाही असं माझं मत.

दुसरी भानगड, 4280 हा तळ होता हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं. भाव तिथून उठून 4400 च्या पुढे आला की मग आपण म्हणतो हा तळ, आणि मागे जाऊन बोट ठेवतो, तोपर्यंत तीन-चार दिवस आणि निम्मी चाल गेलेली असते. जुन्या चार्टवर दाताळं इतकं सुंदर बसतं ते याचमुळे.

भाव मध्यरेषेपर्यंत पोचला नाही तर? त्यालाही नियम आहे, हॅगोपियन नावाच्या विद्यार्थ्यावरून पडलेला. समजा 26 व्या दिवशी मध्यरेषा 4715 वर आहे आणि भाव 4620 वरूनच माघारी फिरला, तर उलट दिशेची चाल आधीच्या चढापेक्षा मोठी होईल असं धरायचं. मला पूर्ण पद्धतीत हाच भाग कामाचा वाटतो, कारण 28 व्या दिवशी खालचा दाता 4500 वर येतो, तो तुटला की चुकलं हे कळतं तरी. पण भिया, पोचला तर नियम खरा आणि नाही पोचला तर दुसरा नियम खरा, हे लक्षात ठेवूनच वापरा.

खड्या रेषेचा त्रास ॲंड्र्यूजच्याच हाताखाली शिकलेल्या जेरोम शिफला जाणवला असावा. त्याने पहिलं टोक तारखेला तिथेच ठेवून भावात निम्मं वर सरकवलं, 4000 आणि 4600 च्या मध्ये, 4300 वर. आता मध्यरेषा रोज पावणेनऊ रुपयेच चढते आणि 30 व्या दिवशी 4562 च्या आसपास येते, म्हणजे पहिल्या दाताळ्याचा जिथे खालचा दाता होता जवळपास तिथेच. टोकं तीच, भाव तोच, आणि ‘ओढणारी’ रेषा सव्वादोनशेहून जास्त रुपयांनी खाली! ॲपमध्ये दोन्ही प्रकार एका टॅपवर बदलता येतात, आणि पोरं जो भावाला बसेल तो ठेवतात. काका मात्र आधी कोणता काढणार ते पेन्सिलीने कोपऱ्यात तारखेसकट लिहायचे, मग गुण्या हातात घ्यायचे.