ओ-रिंगचे घनफळ आणि वजन : दोन त्रिज्यांमागची पार्श्वभूमी

गोल काटछेदाच्या रबरी कड्याचे, म्हणजे ओ-रिंगचे, घनफळ V = 2π²Rr² या सूत्राने निघते. यात r ही रबराच्या गोल काटछेदाची त्रिज्या आहे आणि R हे कड्याच्या केंद्रापासून त्या काटछेदाच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे. सूत्राबद्दल कोणाचे दुमत नाही. गोंधळ होतो तो त्यात घालायच्या आकड्यांचा, कारण यांपैकी एकही त्रिज्या ओ-रिंगच्या पाकिटावर किंवा ड्रॉइंगवर लिहिलेली नसते. तिथे आयडी, म्हणजे आतला व्यास, आणि सेक्शन, म्हणजे काटछेदाचा व्यास, असे दोन आकडे असतात, आणि तेही कधी प्रत्यक्ष मापाचे असतात, तर कधी केवळ नावापुरते. ही परिस्थिती कशी आली, हा या टिपणाचा विषय आहे.

गणिताचा भाग फार जुना आहे. अलेक्झांड्रियात इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या एका मापनग्रंथात कड्याच्या घनफळाचे उदाहरण सोडवलेले आहे. त्यात R १४ आणि r ६ घेतले आहेत, आणि उत्तर ९९५६ पूर्णांक ४/७ असे दिले आहे. π साठी २२/७ घेतल्यास आजही नेमके हेच उत्तर येते. या ग्रंथाचे हस्तलिखित १८९६ मध्ये हाती लागले. काटछेदाचे क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्याने फिरताना कापलेले अंतर म्हणजे घनफळ, हा सर्वसाधारण नियम चौथ्या शतकात सांगितला गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पुन्हा मांडला गेला. आपल्याकडे दहावीच्या महत्त्वमापनात शंकूछेदापर्यंतची सूत्रे येतात, कड्याचे येत नाही. त्यामुळे रबर मोल्डिंगमध्ये काम सुरू करणाऱ्याची या सूत्राशी पहिली भेट बहुधा कारखान्यातच होते, आणि तेथे 'दोन त्रिज्या' या शब्दांचा अर्थ त्याला स्वतःच ठरवावा लागतो.

अर्थ निदान तीन लागतात. एक, वर दिलेल्या R आणि r. दोन, कड्याची आतली त्रिज्या a आणि बाहेरची त्रिज्या b; या जोडीसाठी सूत्र V = (π²/4)(a+b)(b−a)² असे होते. तिसरा अर्थ चुकीचा आहे, पण सर्वांत जास्त आढळणारा हाच आहे : आतली त्रिज्या हीच R समजणे. या चुकीचे प्रमाण नेमके सांगता येते. आतली त्रिज्या R पेक्षा r ने लहान असते, म्हणून घनफळ r/R या गुणोत्तराइतके कमी भरते. पातळ आणि मोठ्या कड्यात ही तूट नगण्य असते, पण लहान आणि जाड कड्यात ती डोळ्यांत भरण्याइतकी होते. बाहेरची त्रिज्या R म्हणून घेतली, तर तेवढ्याच प्रमाणात घनफळ जास्त येते.

याहून मोठा गुंता मात्र त्रिज्यांच्या अर्थाचा नसून मापांच्या नावांचा आहे, आणि त्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याकडे जावे लागते. आज आपण वापरतो त्या स्वरूपातल्या ओ-रिंगसाठी, म्हणजे खाचेत बसवलेल्या आणि थोड्या चेपलेल्या रबरी कड्यासाठी, अमेरिकेत १९३७ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९३९ मध्ये ते मिळाले. अर्जदार डेन्मार्कहून तेथे स्थायिक झालेला आणि वयाची सत्तरी ओलांडलेला कारागीर होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांसाठी हे कडे इतके निकडीचे ठरले की सरकारने पेटंटचे हक्क आपल्याकडे घेऊन अनेक उत्पादकांना ते बनवण्याची मुभा दिली. एकाच मापाचे कडे अनेक ठिकाणी बनू लागल्यावर मापांची एकसमान यादी लागणारच होती. पुढे तिचा क्रमांक AS568 झाला, आणि इंची मापाच्या ओ-रिंगा आजही त्याच यादीतल्या डॅश-नंबरने ओळखल्या जातात.

यादी करताना एक निर्णय झाला, आणि माझ्या मते त्याचे परिणाम वजनाचा हिशोब करणाऱ्याला अजून भोगावे लागतात. काटछेदांना १/१६, ३/३२, १/८, ३/१६ आणि १/४ इंच अशी अपूर्णांकातली नावे राहिली, पण प्रत्यक्ष मापे अनुक्रमे ०.०७०, ०.१०३, ०.१३९, ०.२१० आणि ०.२७५ इंच अशी आली. प्रत्येक माप नावापेक्षा मोठे आहे. यामागचे कारण तर्काला धरूनच होते. १ इंचाचा दांडा १ १/४ इंचाच्या भोकात असेल, तर दोघांमध्ये चहूबाजूंनी १/८ इंचाची जागा राहते, आणि कारागीर त्या जागेत बसणाऱ्या कड्याला '१/८ चे' म्हणतो. पण गळती थांबवायची असेल, तर कडे त्या जागेपेक्षा जाड असून चेपले गेले पाहिजे. ०.१३९ इंचाचे कडे १/८ इंचाच्या जागेत सुमारे १० टक्के चेपले जाते. थोडक्यात, हे नाव रबराचे नव्हे, रबर ज्या जागेत बसते त्या जागेचे आहे.

या पद्धतीचे समर्थन करणारे म्हणतात की दुरुस्ती करणाऱ्याला दांडा आणि भोक माहीत असते, काटछेद माहीत नसतो, म्हणून त्याच्या सोयीचे नाव हेच योग्य आहे. कडे निवडण्यापुरते हे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. घनफळासाठी मात्र तेच नाव थेट चुकीच्या उत्तराकडे नेते, कारण r चा वर्ग होतो.

AS568-214 हे कडे घेऊन हिशोब करून पाहू. त्याचे नावापुरते माप १ × १ १/४ × १/८ इंच आहे, तर प्रत्यक्ष आयडी ०.९८४ इंच म्हणजे २४.९९ मिमी, आणि सेक्शन ०.१३९ इंच म्हणजे ३.५३ मिमी आहे. त्यामुळे r १.७६५ मिमी होते. आयडी आणि सेक्शन यांची बेरीज २८.५२ मिमी, तिचे अर्धे म्हणजे R, १४.२६ मिमी. सूत्रात घातल्यावर घनफळ सुमारे ८७७ घन मिमी, म्हणजे ०.८७७ घन सेंमी येते. आता नावापुरती मापे घेऊ : r १.५८७५ मिमी आणि R १४.२८७५ मिमी. घनफळ सुमारे ७११ घन मिमी येते, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा जवळजवळ १९ टक्के कमी. दोन्ही वेळा R जवळपास सारखीच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. सगळी तूट काटछेदातून आली आहे. याच कड्यात आतली त्रिज्या R म्हणून वापरण्याची चूक केली, तर घनफळ ७६८ घन मिमी भरते, म्हणजे तूट १२ टक्क्यांवर थांबते. नाव आणि माप यांतली गफलत त्याहून महाग पडते.

वजनासाठी घनफळाला घनतेने गुणायचे, आणि येथेही 'रबराची घनता' असा एकच आकडा उपलब्ध नाही. नायट्राइल रबर स्वतः पाण्याहून किंचित हलके असते. १०० भाग नायट्राइलमध्ये ६० भाग कार्बन ब्लॅक आणि ५ भाग झिंक ऑक्साइड मिसळले आणि तिन्हींची घनता अनुक्रमे ०.९८, १.८ आणि ५.६ धरली, तर १६५ भाग वजनाचे घनफळ सुमारे १३६.३ भाग येते आणि कंपाऊंडची घनता १.२१ होते. घनतांची थेट सरासरी काढून हा आकडा मिळत नाही. प्रत्येक घटकाचे घनफळ वेगळे काढून त्यांची बेरीज करावी लागते. या कंपाऊंडचे -२१४ कडे १.०६ ग्रॅमचे होते. फ्लुओरोकार्बन कंपाऊंडची घनता १.८५ धरली, तर तेच कडे सुमारे १.६२ ग्रॅम भरते. १००० कड्यांसाठी कंपाऊंड मागवताना नावापुरत्या मापावर हिशोब केला, तर नायट्राइलचे ८६० ग्रॅमच निघतात, आणि लागतात मात्र १०६१ ग्रॅम. यात फ्लॅशमध्ये, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर येणाऱ्या पातळ पापुद्र्यात, जाणारे रबर धरलेले नाही.

तूट केवळ मालाची असती, तर ती दुसऱ्या खेपेला भरून काढता आली असती. खाचेच्या आराखड्यात ती अधिक त्रासदायक ठरते. रबर चेपल्यावर आकार बदलते, पण त्याचे घनफळ जवळजवळ बदलत नाही, म्हणून कड्याने खाचेचा साधारण ८५ टक्क्यांपर्यंतच भाग व्यापावा असे धरले जाते. उरलेली जागा तेलाने फुगण्यासाठी आणि उष्णतेने वाढण्यासाठी असते. ७११ घन मिमी धरून खाच ठरवली, तर ती सुमारे ८३६ घन मिमीची होते, आणि प्रत्यक्ष कडे तर ८७७ घन मिमीचे आहे. असे कडे जुळणीच्या वेळी खाचेच्या कडेवर कुरतडले जाते किंवा झाकण पूर्ण बसत नाही, आणि दोष मोल्डिंगवाल्याच्या माथी येतो.

मेट्रिक मापे आल्यावर हा गुंता सुटण्याची संधी होती, पण आंतरराष्ट्रीय मानकाने १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मिमी हीच जुनी इंची मापे रूपांतर करून पुढे चालवली. त्यांच्या जोडीला २, ३, ३.५, ४ मिमी असे सरळ मेट्रिक सेक्शनही बाजारात आले. त्यामुळे आता ३.५३ आणि ३.५ ही दोन्ही कडी एकाच ट्रेमध्ये सापडू शकतात. निदान ही अपूर्णांकातली नावे नाहीत, मापे आहेत, हा एक फायदा झाला.

तरीही वजनावरून कडे ओळखण्याला मर्यादा आहे, आणि तीही r च्या वर्गातूनच येते. ३.५३ मिमी सेक्शनला ±०.१० मिमी सूट असते. तेवढ्यानेच घनफळ, आणि म्हणून वजन, सुमारे ६ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. १.२१ घनतेच्या कंपाऊंडचे -२१४ कडे तराजूवर ०.८६ ग्रॅम भरले, तर त्याचा काटछेद १/८ इंचाचा आहे, म्हणजे साचा बनवतानाच कोणीतरी नाव हेच माप समजले, असा निष्कर्ष काढता येतो. १.०४ ग्रॅम भरले, तर मात्र सेक्शन ३.५३ आहे की ३.५ हे वजनावरून कळत नाही, कारण दोघांतला फरक २ टक्क्यांहूनही कमी आहे. तेथे सेक्शनच मोजावा लागतो, आणि तोही व्हर्निअरच्या जबड्यांनी रबर न दाबता. चौकोनी किंवा ओठ असलेल्या काटछेदाच्या गॅस्केटला, जसे घरच्या प्रेशर कुकरचे असते, हे सूत्र लागू पडत नाही. तेथे काटछेदाचे क्षेत्रफळ आणि त्याच्या गुरुत्वमध्याचे केंद्रापासूनचे अंतर काढून तो जुना सर्वसाधारण नियमच वापरावा लागतो.