बरण्यांचे निर्जंतुकीकरण (घरगुती)

जॅम किंवा लोणचे भरण्यापूर्वी काचेच्या बरणीतील बुरशी, यीस्ट व जीवाणू उष्णतेने मारण्याची क्रिया. घरी ती उकळत्या पाण्यात किंवा ओव्हनमध्ये करतात.

पाण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे. पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर धुतलेल्या बरण्या उभ्या ठेवतात. बरण्या आतून भरून तोंडावर बोटभर पाणी राहील इतके कोमट पाणी ओततात. पाणी खळखळू लागल्यावर वेळ मोजायला सुरुवात करतात. समुद्रसपाटीपासून 300 मीटर उंचीपर्यंत 10 मिनिटे पुरतात. त्यापुढे दर 300 मीटरला एक मिनिट वाढवतात, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर आहे आणि तिथे पाणी 95–96 अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे स्ट्रॉबेरी जॅमच्या बरण्या तिथे 14 मिनिटे उकळाव्या लागतात, तर मुंबईत 10 मिनिटांत काम होते. पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर बसतो. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यास तो टळतो.

ओव्हनमध्ये 140 अंशांवर 15 मिनिटे ठेवण्याची रीत ब्रिटनमध्ये रूढ आहे. अमेरिकेतील घरगुती साठवणीचे मार्गदर्शक मात्र ती टाळायला सांगतात. कोरडी उष्णता ओल्या उष्णतेपेक्षा सावकाश काम करते, शिवाय काच असमान तापून तडकू शकते. ओव्हनचा खरा उपयोग उकळलेल्या बरण्या खडखडीत वाळवण्यासाठी होतो. रबर किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असलेली झाकणे त्यात घालू नयेत, ती गरम पाण्यातच ठेवावीत.

काटेकोर अर्थाने हे निर्जंतुकीकरण नव्हेच. बोटुलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. तरीही जॅम आणि आंबट लोणच्याला ही पद्धत चालते, कारण सामू, म्हणजे पदार्थाचा pH, 4.6 च्या खाली असला की ते बीजाणू रुजत नाहीत. नुसत्या तेलात बुडवलेल्या लसणाला हे संरक्षण नसते. अशा लसणाची बरणी कितीही उकळली तरी तो बाहेर साठवू नये.

भरताना बरणी आणि पदार्थ यांच्या तापमानात फार फरक नसावा. उकळता जॅम गार बरणीत ओतला तर तळाशी गोल चीर जाऊन बूड सुटते. म्हणून जॅम गरम बरणीतच भरतात. कैरीचे लोणचे गार असल्याने बरणीही पूर्ण गार आणि कोरडी लागते. महाराष्ट्रात अशा बरणीला हिंगाची धुरी देतात. तिने वास छान लागतो, पण उकळण्याची जागा ती घेत नाही. झाकणाच्या आटीत राहिलेला पाण्याचा थेंब बहुधा नजरेतून सुटतो, आणि लोणच्यावरचा पहिला पांढरा बुरा अनेकदा तिथूनच, तेलाच्या वर राहिलेल्या फोडींवर धरतो.