जर्सी बदलली, मग खांदे का रुंदावले?

साध्या सैल शर्टातला, ताठ उभा असलेला एका माणसाचा फोटो घ्या आणि एआयकडून त्यावर निळी क्रिकेट जर्सी चढवून घ्या. चेहरा तोच, बूट तेच, मागची भिंतही तीच राहते. तरी घरातलं कुणीतरी फोटो बघून लगेच म्हणतं, "हा आपला वाटत नाही." नीट पाहिलं की कारण सापडतं. खांदे दोन बोटं रुंद झालेले असतात, पोट आत गेलेलं असतं आणि दंड कुणा फलंदाजाचे आणून लावल्यासारखे दिसतात.

असं होतं, कारण इथे कपडे बदललेच जात नाहीत. आपण फोटोतला शर्टाचा भाग निवडून देतो, त्याला मास्क म्हणतात. डिफ्यूजन मॉडेल त्या भागातलं चित्र गोंगाटात, म्हणजे टीव्हीच्या मुंग्यांसारख्या ठिपक्यांत, बुडवतं आणि वीस-तीस पायऱ्यांत तो गोंगाट हटवत नवं चित्र तयार करतं. शर्टाच्या आत शरीर आहे याची मॉडेलला काहीच खबर नसते. ते जर्सी काढतं आणि जर्सीने झाकलेलं शरीरही तेच नव्याने काढतं. म्हणून खरा प्रश्न असा की मूळ शरीराची किती माहिती मॉडेलपर्यंत पोहोचते आणि ती वाटेत कुठे गळते.

पहिली गळती एआयचं काम सुरू होण्याआधीच होते. फोनमधला उभा स्क्रीनभर फोटो बहुधा 1080×1920 असतो. कपडे बदलणारी बरीच मॉडेल 768×1024 या मापावर शिकलेली आहेत. फोटो सरळ त्या मापात बसवला, तर रुंदी मूळच्या 71 टक्के राहते, पण उंची 53 टक्केच उरते. म्हणजे उंचीच्या मानाने माणूस एक तृतीयांश जाड दिसतो. स्टेबल डिफ्यूजन या डिफ्यूजन मॉडेलच्या लोकप्रिय वेब-इंटरफेसमध्ये आकार बदलायचा पहिलाच पर्याय `Just resize` आहे आणि तो नेमकं हेच करतो. उपाय सोपा आहे. फोटो आधी 576×1024 करा आणि दोन्ही बाजूंना 96-96 पिक्सेलचे कोरे पट्टे जोडून रुंदी 768 करा. काम झालं की पट्टे कापून टाका.

दुसरी गळती मास्कमध्ये. इथे बहुतेकांचा हात घाईने फिरतो आणि सगळं बिघडतं. मास्क शर्टाच्या कडेला अगदी चिकटून काढला, तर जुन्या शर्टाचा आकारच नव्या कपड्याला साचा होतो. ऑफिसच्या शर्टाची खालची गोलाई जर्सीला येते, मनगटाशी कफाचा फुगवटा उरतो. उलट धडाभोवती मोठा चौकोन काढला, तर मॉडेल तो चौकोन भरायला बघतं आणि खांदे पसरतात. मधला मार्ग असा: खांद्यावर आणि काखेखाली शर्टाच्या कडेबाहेर आठ-दहा पिक्सेल, कमरेखाली थोडं जास्त, कारण जर्सीचा घेर शर्टापेक्षा वेगळा पडतो. मान, हाताचे पंजे आणि पँटचा दिसणारा भाग मास्कबाहेरच ठेवावा. मॉडेलला शरीराचं प्रमाण सांगणारे खरे साक्षीदार तेच असतात.

याच कारणाने त्याच इंटरफेसमध्ये मॉडेलला फोटोचा किती भाग दाखवायचा हे ठरवणाऱ्या `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडताना सांभाळावं. त्या पर्यायात मास्कभोवतीचा तुकडाच कापून, मोठा करून मॉडेलला दिला जातो. बारकावे छान येतात, पण डोकं आणि पाय नजरेआड गेल्यामुळे धड केवढं असावं हे ठरवायला आधार राहत नाही. आधी `Whole picture` वर धडाचं माप बसवून घ्यावं. कॉलर किंवा शिवण सुधारायची असेल, तर त्यानंतर लहान मास्क काढून `Only masked` वापरावा.

बाहीचं काय? पूर्ण बाहीच्या शर्टावरून अर्ध्या बाहीची जर्सी करायची, तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मॉडेलला मनानेच काढावा लागतो. त्याला दिसतो फक्त पंजा. हात जाड की सडसडीत, लव आहे की नाही, जुना व्रण आहे का, यातलं काहीच फोटोत नसतं. म्हणून मूळ फोटो अर्ध्या बाहीच्या टी-शर्टातला असेल, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

आता शरीराची माहिती मॉडेलला मुद्दाम कशी पुरवतात ते पाहू. कंट्रोलनेट हे 2023 मध्ये आलेलं तंत्र मुख्य मॉडेलला सोबत एक नकाशा जोडून देतं. सगळ्यात परिचित नकाशा म्हणजे ओपनपोजचा सांगाडा. खांदे, कोपर, मनगटं, कंबर, गुडघे असे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. याने हाताची लांबी आणि उभं राहण्याची ढब टिकते. पण सांगाडा हाडांचा, मांसाचा नव्हे. साठ किलोचा आणि नव्वद किलोचा माणूस एकाच उंचीचे आणि एकाच पवित्र्यात उभे असतील, तर त्यांचे सांगाडे जवळपास सारखे येतात. पोट गायब होण्याचं मोठं कारण हेच आहे.

जाडी टिकवायला खोलीचा नकाशा लागतो, ज्यात कॅमेऱ्याजवळचे भाग उजळ आणि दूरचे गडद असतात. त्यात पोटाचा, छातीचा उठाव येतो. अडचण एवढीच की शर्टाच्या सुरकुत्या आणि बटणपट्टीही येतात. शर्टावरून जर्सी करताना दोन्ही कपडे साधारण सारखेच सैल असल्यामुळे हा नकाशा चालतो, फक्त त्याचा जोर निम्म्याच्या आसपास ठेवायचा आणि शेवटच्या 40 टक्के पायऱ्यांत त्याला बाजूला करायचं. सुरुवातीच्या पायऱ्यांत ढोबळ आकार ठरतो, शेवटच्यांत कापडाचा पोत. त्यामुळे उठाव राहतो आणि बटणपट्टी उमटत नाही. मूळ चित्र गोंगाटात किती बुडवायचं हे ठरवणारी `Denoising strength` 0.5 वर ठेवली तर जुनी कॉलर नव्या जर्सीतून डोकावते, 1 वर नेली तर मूळ रंग-छायेचा धागाच तुटतो. 0.8 ते 0.9 मध्ये प्रयोग करावेत.

तिसरी गळती शब्दांतून होते आणि ती सहसा लक्षात येत नाही. मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेत क्रिकेटपटू असं लिहिलं, की मॉडेल जर्सीसोबत क्रिकेटपटूचं शरीरही घेऊन येतं. शिकताना त्या शब्दासोबत त्याने तशीच शरीरं पाहिलेली असतात. म्हणून वर्णन कपड्याचं करावं, माणसाचं नको:

```
plain blue polyester cricket jersey, half sleeves,
short collar, loose straight fit, hem at hip
```

शिकण्याच्या साहित्याचाच कल असेल, तर शब्द बदलूनही तो पूर्ण जात नाही. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा व्हिटॉन-एचडी हा 2021 चा फोटोंचा संच घ्या. त्यात 13,679 जोड्या आहेत, सगळ्या समोरून काढलेल्या स्त्रियांच्या आणि कमरेवरच्या कपड्यांच्या. केवळ त्यावर शिकलेल्या मॉडेलला स्थूल पुरुषाची जर्सी नीट जमली नाही, तर नवल वाटायला नको.

निकाल बरोबर आला का, हे डोळ्यांवर सोडू नये. मोजावं. समजा 172 सेंटिमीटर उंचीचा माणूस फोटोत 873 पिक्सेल भरतो. म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण पाच पिक्सेल. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं 118 पिक्सेल आहे आणि एका दंडाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्यापर्यंत 248. भागाकार 2.1. जर्सी चढवल्यावर डोकं मास्कबाहेर असल्याने तेवढंच राहतं, पण खांदे 271 भरले, तर भागाकार 2.3 होतो. 23 पिक्सेल म्हणजे साडेचार सेंटिमीटर वाढ. कापडाच्या जाडीने एवढा फरक पडत नाही, म्हणजे शरीरच बदललं आहे. एखाद्या सेंटिमीटरचा फरक सोडून द्यावा. असंच माप काखेखाली आणि बेंबीच्या रेषेवर घ्यावं. खांदे वाढले असतील तर आधी मास्क आवळावा, पोट घटलं असेल तर खोलीच्या नकाशाचा जोर थोडा वाढवावा. दोन्ही एकदम बदलले, तर कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

छातीवरच्या अक्षरांचा प्रश्नही या मापातून सुटतो. स्टेबल डिफ्यूजन फोटोवर थेट काम करत नाही, 8×8 पिक्सेलचा प्रत्येक चौकोन चार आकड्यांत दाबून त्यावर करतं. पाच सेंटिमीटरचं अक्षर आपल्या फोटोत 25 पिक्सेलचं, म्हणजे जेमतेम तीन चौकोनांचं. त्यात "महाराष्ट्र" लिहायला सांगितलं तर गिचमिडच येणार. जर्सी कोरी काढून घ्यावी आणि नाव, क्रमांक नंतर फोटो-एडिटरमध्ये छातीच्या वळणाप्रमाणे वाकवून बसवावेत. याच दाबण्या-उलगडण्यात चेहराही किंचित बदलतो, मास्कबाहेर असूनसुद्धा. म्हणून शेवटी मास्कबाहेरचा सगळा भाग मूळ फोटोतून परत चिकटवायचा, कडेला चार-सहा पिक्सेल मऊ मिसळून.

योगाच्या कपड्यांचं गणित मात्र वेगळं आहे. जर्सीची कड शरीरापासून थोडी लांब असते, त्यामुळे थोडी चूक झाकली जाते. लेगिंग आणि घट्ट टॉपची कड हीच शरीराची कड. त्यात मूळ फोटो साडीतला किंवा सैल कुर्त्यातला असेल, तर कंबर, मांड्या, नितंब यांची माहिती फोटोत नसतेच. इथे खोलीचा नकाशा उलटा फसवतो, कारण तो निऱ्यांचा घेर मांड्यांचा समजून देतो. डेन्सपोज हा 2018 चा प्रकल्प याच अडचणीला भिडला. फोटोंवर खुणा करणाऱ्यांना त्यात सांगितलं होतं की कपड्याची कड धरू नका, आत शरीर कुठे असेल याचा अंदाज करा. म्हणून घागऱ्यातही त्याचा नकाशा पायांची जागा बऱ्यापैकी सांगतो. पण तोही शेवटी अंदाजच आहे. साडीवरून काढलेला योगा-पोशाखातला फोटो त्या बाईंच्या शरीराचा नसतो, मॉडेलच्या कल्पनेतल्या शरीराचा असतो. दुसऱ्या कुणाचा असा फोटो त्यांच्या संमतीशिवाय करू नये, याला हेही एक कारण आहे.

प्रमाण खरं हवं असेल, तर अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग घालून मूळ फोटो काढावा. फोन बेंबीच्या उंचीवर, तीनेक मीटर अंतरावर, अगदी उभा धरायचा. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवला की पाय आखूड दिसतात आणि मॉडेल तेच खरं मानतं. अल्ट्रावाइड लेन्स नको, ती कडेचे भाग ताणते. उभं राहावं ताडासनासारखं, पण हात धडापासून वितभर दूर ठेवून, म्हणजे कमरेची कड मोकळी दिसते. मांडी घालून बसलेला फोटो टाळावा. एका पायाखाली दुसरा गेला की सांगाड्याचे ठिपके एकमेकांवर चढतात, आणि घोट्याच्या जागी तिसरं पाऊल उगवतं.